प्रोव्हिजनल पुरेसे आहे

पदवी विभागात शिक्के पुष्कळ होते. आवक, जावक, तपासले, दुय्यम प्रत, रद्द. पण नियमकाकांचा जीव होता तो एकाच शिक्क्यावर, कारण तो त्यांनी स्वतः मजकूर लिहून करून घेतला होता: ‘प्रोव्हिजनल प्रमाणपत्र पुरेसे आहे. मूळ पदवी दीक्षान्त समारंभानंतर मिळेल.’ खाली आद्याक्षरी सहीपुरती जागा. वापरून वापरून त्याचा डावा कोपरा झिजला होता, त्यामुळे पहिल्या अक्षराचा तुकडा कागदावर उमटत नसे. शाई जांभळी.

नियमकाका हे नाव त्यांना शिपायाने दिलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं की खिडकीपलीकडची मुलंही त्याच नावाने हाक मारत. काकांना त्याचा राग नव्हता. उलट थोडा मानच वाटायचा. ओळखीचा आहे म्हणून त्यांनी कुणाचा कागद वर सरकवला नव्हता आणि नावडता आहे म्हणून कुणाचा दाबला नव्हता. त्यांची मुलगी याच विद्यापीठात रसायनशास्त्र शिकायला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं होतं, “माझं नाव सांगून कुठल्या खिडकीत उभं राहायचं नाही. तू तुझी, मी माझा.” मुलीने मान डोलावली होती आणि शब्द पाळला होता.

शिक्का जन्माला आला तो गरजेतून. निकाल लागला की पोरांच्या हातात प्रोव्हिजनल प्रमाणपत्र पडतं. त्यावर लिहिलेलं असतं की अमुक परीक्षा हा विद्यार्थी उत्तीर्ण झाला आहे, पदवी यथावकाश प्रदान केली जाईल. ते ‘यथावकाश’ म्हणजे दीक्षान्त समारंभ, आणि तो निकालानंतर कित्येक महिन्यांनी. मधल्या काळात अर्जांचा पूर येतो. कुणाच्या आजीला नातवाची पदवी डोळ्यांनी बघायची असते, कुणाला ती फ्रेममध्ये हवी असते, कुणाला बँकेत कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं. यातल्या बहुतेकांचं काम प्रोव्हिजनलवर भागतं. पूर्वी प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करावं लागे आणि ढीग छताला टेकायचा. शिक्का आल्यावर ढीग टेबलाच्या कडेखाली गेला. उपकुलसचिव मॅडम बैठकीत म्हणाल्या होत्या, “याला म्हणतात काम.”

सुरुवातीला काका अर्ज पूर्ण वाचून शिक्का मारत. मग विषयाची ओळ वाचून मारू लागले. सवय ही अशीच. आधी दारात उभी राहते, मग ओटीवर बसते आणि एक दिवस पाहावं तर घर तिच्या नावावर. आवक टेबलावरच्या बाई प्रत्येक अर्ज अशा तऱ्हेने दुमडत की आवक क्रमांक आणि विषय वर राहील आणि बाकीचा मजकूर, खालची सही आणि नाव आत जाईल. फायलीत कागद बसावेत म्हणून ती पद्धत होती. काकांना ती सोयीची पडली.

“काका, उघडून तरी बघता का हो?” एकदा आवकबाईंनी विचारलं होतं.

“विषय वाचला की अर्जाचं पोट कळतं.”

“पोट कळतं, पण पोटात दुखतंय का ते?”

“दुखत असेल तर ओरडत येतात खिडकीवर,” काका म्हणाले आणि तिघेही हसले, शिपायासकट.

त्या संध्याकाळी काका घरी आले तेव्हा मुलीची मोठी बॅग कपाटावरच होती. महिना झाला, परदेशातल्या एका औषध तपासणी प्रयोगशाळेने तिला नोकरी देऊ केली होती. काकांनी ती बातमी ऑफिसात, गल्लीत, न्हाव्याच्या दुकानात, जिथे कान सापडेल तिथे सांगितली होती. जायचे दिवस जवळ आले होते आणि बॅग मात्र खाली उतरत नव्हती.

“काय शास्त्रज्ञ, तयारी कुठवर?” काकांनी बूट काढता काढता विचारलं. ते तिला शास्त्रज्ञच म्हणत.

मुलगी उठून आत गेली. बायको भांडी विसळत होती. ती नळ बंद करून म्हणाली, “अहो, तिला विचारू नका आता. आणि विचारायचंच असेल तर नीट विचारा.”

“म्हणजे?”

“जाणं होत नाहीये तिचं.”

काका तसेच एका पायात मोजा घालून तिच्या खोलीत गेले. मुलगी टेबलाशी बसली होती. समोर संगणक बंद.

“काय झालं?”

“काही नाही बाबा. त्यांना मूळ पदवी हवी आहे. नोकरी प्रोव्हिजनलवर दिली, पण ती तेवढ्यापुरतीच. तिकडचा कामाचा परवाना काढायला मूळ प्रमाणपत्र लागतं. महिनाअखेरपर्यंत नाही दिलं तर ते यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार.”

“मग अर्ज करायचा! समारंभाआधी देता येते पदवी. कुलगुरूंची खास मंजुरी लागते, तातडीचं शुल्क भरायचं, नोकरीच्या पत्राची प्रत जोडायची…”

“केला होता.”

“कधी? कुठे?”

“बाबा, पदवीचा अर्ज कुठे करतात?”

ती उठली, ड्रॉवरमधून एक कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यावर विषय होता: ‘नियुक्तीसाठी प्रोव्हिजनल प्रमाणपत्र केवळ तात्पुरते स्वीकारल्याने मूळ पदवी प्रमाणपत्र तातडीने मिळण्याबाबत.’ खाली तिच्या सवयीचा नेमका मजकूर होता. कोणी काय मागितलं आहे, का, कधीपर्यंत, पुरावा कुठे जोडला आहे. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. आणि त्या सगळ्यावर किंचित डावीकडे कललेला जांभळा शिक्का, पहिलं अक्षर तुटकं. त्याखाली काकांची सही.

त्यांनी तो कागद फिरवून मागची बाजूही बघितली, जणू तिथे काही वेगळं लिहिलेलं असेल.

“मी ओळखली सही,” मुलगी हळूच म्हणाली. “लहानपणापासून प्रगतिपुस्तकावर बघितलीये. पहिल्यांदा खूप राग आला, खोटं कशाला बोलू. मग वाटलं, बरोबर आहे. तुमच्याच मुलीला तुम्ही खास म्हणून कसं देणार? लोकांनी बोटं दाखवली असती. म्हणून मी काही बोलले नाही. तुम्हाला किती जड गेलं असेल ते…”

ती समजत होती की त्यांनी वाचलं. वाचलं, लेकीचं नाव बघितलं, मन घट्ट केलं आणि नाही म्हटलं. ती त्यांच्याकडे अशी बघत होती की त्यापेक्षा तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सांगायला एकच वाक्य लागलं असतं. मी उघडलाच नाही गं. ते जिभेवर आलं आणि तिथेच बसून राहिलं.

“हं,” काका म्हणाले. “बघतो मी.”

“नको बाबा. माझ्यासाठी नियम मोडू नका.”

‘नियम’ हा शब्द त्यांनी आयुष्यभर अंगावर कोटासारखा घातला होता. आज पहिल्यांदा तो कुणा दुसऱ्याचा कोट चोरल्यासारखा वाटला. जेवताना ते ताटात बघत राहिले. बायको त्यांची समजूत घालत होती, “तुमचंही चुकलं नाही हो,” आणि ते भाकरी मोडून तशीच ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी ते शिपायाच्याही आधी ऑफिसात पोचले. निकाली काढलेल्या अर्जांच्या कार्यालयीन प्रती कपाटाच्या खालच्या कप्प्यात असत. त्यांनी या हंगामाचा गठ्ठा टेबलावर घेतला, दोरी सोडली आणि लेकीचा अर्ज शोधायला सुरुवात केली. तो सापडायच्या आधीच दुसरा एक उलगडला गेला.

एका परिचारिकेचा होता. दुसऱ्या देशात नोंदणी करायची, मूळ पदवीशिवाय तिथली परिचारिका परिषद कागदच उघडत नाही, सोबत परिषदेच्या पत्राची प्रत. विषयाच्या ओळीत फक्त ‘पदवी लवकर मिळण्याबाबत’. त्यावर जांभळा शिक्का.

काकांनी खुर्ची पुढे ओढली. ज्यांचं काम खरंच प्रोव्हिजनलवर भागत होतं असे अर्ज डावीकडे, नाही ते उजवीकडे. डावीकडचा ढीग चांगलाच उंच झाला आणि त्यांना जरा हायसं वाटलं. शिक्का अगदीच वेडा नव्हता. पण उजवीकडेही एकावर एक कागद येत राहिले. शिक्षकाच्या जागेसाठी मूळ कागदांची पडताळणी. संशोधनाची शिष्यवृत्ती. त्यात लेकीचा. आणि तिच्यानंतर एका मुलीचा, हाताने लिहिलेला, सरळ रेषेत, जणू परीक्षेचा पेपर: सरकारी जलतपासणी प्रयोगशाळेत निवड झाली आहे, प्रोव्हिजनल फक्त मुलाखतीपुरते धरले, रुजू होताना मूळ पदवी दाखवणे सक्तीचे आहे, कृपया.

‘कृपया’च्या बरोबर वर त्यांचा शिक्का बसला होता.

आवकबाई आल्या, तो पसारा बघितला आणि पर्स खांद्यावरून उतरवायची विसरल्या. “काय काका, लेखापरीक्षण आलं की काय?”

“आलं,” काका म्हणाले. “माझंच.”

उपकुलसचिव मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, आणि तेच काकांना अवघड गेलं. “असं करा,” त्या म्हणाल्या, “तुमच्या मुलीचं तेवढं टिपण आत्ता लिहून आणा. पुरावा जोडलेला आहेच. परीक्षा नियंत्रकांची शिफारस मी फोनवर घेते. कुलगुरू उद्यापासून दौऱ्यावर आहेत, आज दुपारी मंजुरी मिळाली तर मिळाली. इतकी वर्षं तुम्ही काही मागितलं नाही. एवढा हक्क आहे तुमचा.”

काकांनी हातातला उजवीकडचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. “आणि हे?”

“हे नंतर. प्रत्येकाचं प्रकरण अजून जिवंत आहे का, हे आधी विचारावं लागेल. तारखा उलटून गेल्या असतील तर कुलगुरूंना काय सांगू? आज होणार नाही ते.”

“मी फोन करतो सगळ्यांना. दुपारच्या आत. एकाच टिपणात घालू.”

“आणि नाही झालं तर? तुमच्या मुलीचंही राहील त्यात.”

मॅडमच्या टेबलावरच्या पेल्यातलं पाणी काकांनी उगाच बघितलं. लेकीचं एकटीचं टिपण लिहायला अर्धा तास पुरला असता. ते घरी गेले असते, तिच्या हातात पदवी ठेवली असती आणि तिने म्हटलं असतं, शेवटी माझ्यासाठी नियम मोडलात ना बाबा. जो नियम नव्हताच, तो मोडल्याचं श्रेयही त्यांनाच.

“एकाच टिपणात,” ते म्हणाले.

फोन सुरू झाले. परिचारिका धावतच बोलत होती, तिने तीनदा आभार मानले आणि प्रत्येक वेळी काकांनी कान थोडा दूर धरला. शिष्यवृत्तीवाला आधी समजला की कुणी चेष्टा करतंय. शिक्षकाच्या जागेवाल्या मुलाच्या वडिलांनी फोन घेतला आणि आरडाओरडा केला: “आता जाग आली का? माझ्या पोराने चार फेऱ्या मारल्या तुमच्या त्या खिडकीवर!” काकांना तो आवाज सगळ्यात सोपा गेला. पुराव्याची नवी प्रत पाठवायला सांगून त्यांनी फोन ठेवला.

शेवटी जलतपासणीवाली मुलगी.

“पदवी विभागातून बोलतोय. तुमचा अर्ज होता, मूळ प्रमाणपत्र लवकर मिळावं म्हणून. त्याचा पुन्हा विचार चालू आहे…”

“ते आता नको काका,” मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता. मागे कुठलं तरी यंत्र चालू होतं आणि कुणीतरी तिला हाक मारत होतं. “ती जागा गेली. गेल्या आठवड्यात दुसऱ्याला घेतलं. मी इथे कपड्यांच्या दुकानात लागलेय सध्या.”

“अच्छा.”

“एक विचारू का? तेव्हा का नाही दिलं? मी सगळं लिहिलं होतं ना? काही जोडायचं राहिलं होतं का माझं?”

काकांपुढे तयार उत्तर होतं, वर्षानुवर्षं खिडकीतून दिलेलं: नियमात बसत नव्हतं. समोरच्या टेबलावर आवकबाई कागद दुमडायचं थांबवून त्यांच्याकडे बघत होत्या.

“तुमचं काही राहिलं नव्हतं,” काका म्हणाले. “मी वाचला नव्हता तुमचा अर्ज. न वाचता शिक्का मारला.”

पलीकडे यंत्र चालूच होतं, पुन्हा कुणीतरी तिला हाक मारली.

“बरं,” ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

टिपण दुपारी गेलं, मॅडम स्वतः घेऊन गेल्या. संध्याकाळ व्हायच्या आत मंजुरी आली. टिपणात जलतपासणीवाल्या मुलीचंही नाव काकांनी ठेवलं होतं. मॅडमनी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तिने मागितलं तेव्हा तिचा हक्क होता.” मॅडमनी विषय पुढे वाढवला नाही.

काका घरी गेले तेव्हा बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. कुणीतरी फोन केला असणार. बायकोचा चेहरा उजळला होता. “शेवटी बाप तो बापच! लेकीसाठी काय तो नियम आणि काय ते…”

“थांब जरा,” काका म्हणाले. मग मुलीकडे वळले. ती दारात उभी होती, डोळे भरलेले. “मी तुझ्यासाठी नियम मोडला नाही. आधी पाळलाही नव्हता. तुझा अर्ज मी वाचलाच नव्हता गं. तुझं नाव आत दुमडलेलं होतं. मी विषय बघितला, प्रोव्हिजनल स्वीकारलंय एवढं दिसलं, म्हटलं मग घाई कसली, आणि मारला शिक्का. काल तू बोलत होतीस तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.”

बायको पुढे आली होती, ती दोन पावलं मागे सरकली.

मुलीने डोळे पुसले. मग म्हणाली, “बाबा, आमच्याकडे नमुना न तपासता कुणी अहवाल लिहिला ना, तर त्याला प्रयोगशाळेत परत पाय ठेवू देत नाहीत.”

“माहीत आहे.”

“मी चार दिवस लोकांना सांगत होते की माझे बाबा कसे आहेत.”

ती आत गेली, दार लावलं, पण जोरात नाही. थोड्या वेळाने कपाटावरून बॅग खाली ओढल्याचा आवाज आला.

प्रमाणपत्रं छापून आली. निकालाच्या नोंदीशी नाव, विषय, श्रेणी ताडून झाली, सह्या झाल्या. मुलगी आपलं घ्यायला आली, आणि नेहमीसारखी रांगेत उभी राहिली. तिच्यापुढे दोघं होते. तिची पाळी आली तेव्हा काकांनी काचेखालून प्रमाणपत्र आणि पोचवही सरकवली.

“सही करा,” ते म्हणाले. खिडकीत ते सगळ्यांनाच अहोजाहो करत.

“आधी वाचते,” मुलगी म्हणाली. तिने नाव वाचलं, पदवी वाचली, वर्ष वाचलं, बोट ओळीखाली धरून, आणि मागच्या माणसाने चुळबूळ केली तरी थांबली नाही. मग सही केली. वही परत देताना तिने एकदाच वर बघितलं. त्यात माफी नव्हती, पण तिथून निघून जायची घाईही नव्हती.

“विमानतळावर याल ना?”

“येईन.”

ती गेली. काकांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

शिक्का अजून टेबलावर आहे. मॅडम म्हणाल्या, टाकून कसा द्यायचा, काम तर आहेच. काका तो वापरतात, पण आवकबाईंचा दुमडलेला कागद आधी पूर्ण उलगडतात, हाताने सपाट करतात आणि वाचतात. ढीग पुन्हा टेबलाच्या कडेवर आला आहे. मागच्या बैठकीत त्यांना त्यावरून बोलणी बसली आणि त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतली.

वाटपाच्या कपाटात त्या खेपेचं एकच प्रमाणपत्र उरलं आहे. जलतपासणीवाल्या मुलीचं. तिला दोनदा कळवून झालं. ती आली नाही, टपालाने पाठवू का याचंही उत्तर आलं नाही. नवीन प्रमाणपत्रं आली की शिपाई ते एका बाजूला सरकवतो, आणि काका कपाट उघडताना आधी तिकडे बघतात. ते पाकिटात घालून वरच्या कप्प्यात ठेवू का, असं शिपायाने विचारलं, तेव्हा काका म्हणाले, “नको. डोळ्यांसमोरच राहू दे.”